अक्कलदाढेची हिरडी सुजली, तोंड उघडेना: पहिल्या दिवसापासून दाढ काढायच्या निर्णयापर्यंत

वय अठरा ते पंचवीसच्या आसपास. खालच्या जबड्यात, अगदी शेवटच्या दाढेच्या मागे दोन दिवसांपासून ठणका. हिरडी सुजून वर आलेली, त्यावर वरची दाढ टेकली की डोळ्यांत पाणी येतं. गिळताना घशाच्या त्याच बाजूला दुखतं, कानात कळ जाते, तोंडाला घाण चव येते. आणि सकाळी ब्रश करायला जावं तर तोंड नेहमीसारखं उघडतच नाही. अशी तक्रार घेऊन आलेल्या तरुण माणसाला बहुतेक वेळा एकच आजार असतो: अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेभोवतीच्या हिरडीला झालेला जंतुसंसर्ग. आम्ही दंतवैद्य त्याला पेरिकोरोनायटिस म्हणतो.

हा आजार पहिल्या दोन दिवसांत नीट हाताळला तर बहुधा आठवड्याभरात शांत होतो. पण तो चुकीच्या तऱ्हेने हाताळलेला मला रोज दिसतो. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणल्या जातात, ठणका थांबतो आणि विषय संपला असं वाटतं. तीन-चार महिन्यांनी तीच हिरडी पुन्हा सुजते. याचं कारण सोपं आहे. गोळीने जंतू कमी होतात, पण हिरडीखाली अडकलेली घाण गोळीने निघत नाही. ती धुवावीच लागते. या लेखातला बराचसा भाग त्या धुण्याबद्दल आहे, आणि उरलेला धोका वेळीच कसा ओळखायचा याबद्दल.

नेमकं काय होतं

अक्कलदाढ साधारण सतरा ते एकवीस-बावीस वर्षांच्या दरम्यान वर येते. तोवर बाकीच्या दातांनी आपापल्या जागा धरलेल्या असतात. खालच्या जबड्यात दुसऱ्या दाढेच्या मागे हाड लगेच वर वळतं, त्यामुळे तिथे जागा कमी पडते. दाढ अर्धी वर येते आणि अडकते. कधी सरळ असते, कधी पुढच्या दाढेकडे कललेली, तर कधी चक्क आडवी. तिच्या डोक्याचा मागचा भाग हिरडीच्या पदराखाली झाकलेला राहतो.

त्या पदराखाली एक फट तयार होते. भाताचं शीत, पोळीचा कण, शेंगदाण्याचं कूट तिथे शिरतं. ब्रशचे केस तिथपर्यंत पोचत नाहीत आणि लाळही तिथे खेळत नाही. ज्या जंतूंना हवा नको असते त्यांना ती जागा फारच मानवते. पदर सुजतो. सुजला की उंच होतो, आणि उंच झाला की वरची अक्कलदाढ प्रत्येक घासाला त्याच्यावर आदळते. त्याने सूज आणखी वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की दोन दिवसांत माणूस बेजार होतो.

मग तोंड का उघडत नाही? अक्कलदाढेच्या अगदी लगत, जबड्याच्या आतल्या बाजूला चावण्याचा एक मोठा स्नायू असतो, आणि बाहेरच्या बाजूला दुसरा. दाह तिथवर पोचला की स्नायू आखडतात. म्हणजे तोंड उघडत नाही ते केवळ दुखतंय म्हणून नव्हे. संसर्ग हिरडीपुरता राहिलेला नाही, मागे सरकू लागलाय, याची ती खूण असते. म्हणूनच तोंड किती उघडतं हे मोजणं हे घरच्या घरी करता येण्याजोगं सगळ्यात उपयोगी काम आहे.

आधी तीन गोष्टी तपासा

पहिली, तोंडाचं माप. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी स्वतःची तीन बोटं एकावर एक येतील अशी उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. निरोगी माणसाचं तोंड साधारण चार ते पाच सेंटीमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं बसतात. दोनच बसत असतील तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे जा. एकच बसत असेल, किंवा सकाळी दोन बसत होती आणि संध्याकाळी एकच बसतंय असं झालं, तर थांबू नका. मोबाइलमध्ये तारीख, वेळ आणि बोटं लिहून ठेवा. दंतवैद्याला ही नोंद फार कामाला येते.

दुसरी, ताप. थर्मामीटरने मोजा, कपाळाला हात लावून ठरवू नका. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर संसर्ग हिरडीबाहेर गेला असण्याची शक्यता धरून चाला.

तिसरी, जागा. हात स्वच्छ धुवा, आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावा आणि तोंड उघडेल तेवढं उघडून बोटाने गाल बाजूला करा. शेवटच्या दाढेमागे लाल, फुगलेला मांसल भाग दिसेल. त्यावर पांढरट घाण असते, कधी वरच्या दाढेचा ठसा उमटलेला असतो. हलकं दाबलं की पू येतो. नंतर जबड्याच्या खालच्या कडेखाली गळ्याला हात लावून पाहा. तिथे शेंगदाण्याएवढी, दुखरी, हलणारी गाठ लागली तर ती बहुधा सुजलेली लसिकाग्रंथी असते आणि ती संसर्गाबरोबर उतरते. पण तिथली सूज कडक, पसरलेली, बोटाने न दबणारी असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुखणं दुसरंच असू शकतं

तरुण माणसाचा जबडा मागे दुखला की लोक लगेच अक्कलदाढ म्हणतात, पण प्रत्येक वेळी तसं नसतं.

थंड पाण्याने कळ येते, रात्री झोपेतून उठवणारा ठणका आहे, पण हिरडीला सूज नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, अशी लक्षणं असतील तर दाढेच्या नसेपर्यंत गेलेल्या किडीचा संशय येतो. बऱ्याचदा ही कीड अक्कलदाढेच्या पुढच्या दाढेला, तिच्या मागच्या अंगाला लागलेली असते आणि आरशात दिसत नाही.

तोंड उघडत नाही, गिळवत नाही, घसा एकाच बाजूला विलक्षण दुखतो, आवाज घोगरा, तोंडात काहीतरी धरल्यासारखा येतो आणि पडजीभ एका बाजूला ढकललेली दिसते, तेव्हा टॉन्सिलशेजारी पू झालेला असू शकतो. त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो, आणि तोही त्याच दिवशी. कानासमोर आणि कानाखाली गाल फुगला असेल, घरात किंवा हॉस्टेलवर आणखी कुणाला तसंच झालं असेल तर गालगुंड आठवावेत. जबड्याच्या सांध्यात कटकट आवाज येतो, सकाळी जबडा जड वाटतो, पण ताप नाही आणि हिरडी ठीक आहे, तेव्हा दुखणं सांध्याचं असतं.

आणि एक गोष्ट आपल्याकडे हमखास विचारावी लागते: सुपारी, गुटखा, मावा, खर्रा खाता का? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी विशी-बाविशीतली मुलं तो खाताना दिसतात. त्यामुळे होणाऱ्या आजारात तोंड हळूहळू, महिनोन्‌महिने कमी उघडत जातं. सूज नसते, ठणका नसतो. पण तिखट खाल्लं की आग होते आणि गालाची आतली बाजू पांढरट, ताठ लागते. अक्कलदाढेचं दुखणं दोन-चार दिवसांत वाढतं, हे मात्र हळूहळू आवळत जातं. या आजारात पुढे कर्करोगाचा धोका असतो, त्यामुळे तोंड कमी उघडण्याला ‘अक्कलदाढ येतेय’ म्हणत वर्ष काढू नका. जबड्याच्या मागे दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा असेल तर तोही दाखवायलाच हवा, वय कितीही असो.

दंतवैद्याची वेळ मिळेपर्यंत घरी काय करायचं

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या ऐकायला साध्या वाटतात, पण त्या नीट केल्या तरच उपयोग होतो. एक पेला, म्हणजे सुमारे पाव लिटर, कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा. पाणी चहासारखं गरम नको, ओठाला सुखद वाटेल इतकंच कोमट हवं. घसा खरवडणाऱ्या गुळण्या इथे कामाच्या नाहीत. तोंडात घोट घ्या, मान दुखऱ्या बाजूला कलवा आणि पाणी त्या कोपऱ्यात अर्धा ते एक मिनिट गालाने खेळवा. पेला संपेपर्यंत असंच करा. प्रत्येक खाण्यानंतर आणि मधेमधे दोन-तीन तासांनी. जेवणानंतरची गुळणी चुकवू नका, कारण अन्न त्याच वेळी शिरतं.

दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के माउथवॉश वापरता येतो. दहा मिलिलिटर घेऊन एक मिनिट खेळवायचा आणि थुंकायचा. पेस्टने ब्रश केल्यावर लगेच वापरला तर पेस्टमधल्या घटकांमुळे त्याची ताकद जाते, म्हणून मधे निदान अर्धा तास जाऊ द्या. तो आठवडाभरच वापरा. त्याहून जास्त दिवस वापरला तर दात आणि जीभ तपकिरी होऊ लागतात आणि चव बिघडते.

दुखतंय म्हणून ब्रश बंद करणं ही नेहमी होणारी चूक. लहान मुलांचा मऊ ब्रश आणा, त्याचं डोकं लहान असतं. तोंड पूर्ण उघडायचा अट्टहास करू नका. उलट अर्धं मिटा, म्हणजे गाल सैल पडतो आणि ब्रशला मागे सरकायला जागा मिळते. शेवटच्या दाढेच्या माथ्यावरून आणि हिरडीच्या कडेवरून हलक्या हाताने फिरवा. थोडं रक्त आलं तरी घाबरू नका.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर, दोन गोळ्यांत सहा ते आठ तासांचं अंतर ठेवून, दिवसाला तीनपेक्षा जास्त नको. आम्लपित्त-अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकाने चढणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गर्भारपण असेल तर आयबुप्रोफेन घेऊ नका. तिथे पॅरासिटामॉल बरं: ५०० ते १००० मिलिग्रॅम, सहा तासांनी, चोवीस तासांत ३००० मिलिग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. पावसाळ्यात ताप असेल तर आणखी एक सावधगिरी हवी: डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन टाळा. शिवाय आपल्याकडे दातदुखीसाठी बहुतेक वेळा आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली जाते. तिच्यावर आणखी पॅरासिटामॉल, किंवा डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक घेऊ नका. पाकिटामागे घटक लिहिलेले असतात, ते वाचा.

आहार मऊ ठेवा: मुगाची खिचडी, दहीभात, उपमा, वरण. कोपऱ्यात बसणारे पदार्थ चार दिवस दूर ठेवा, म्हणजे चिवडा, शेव, शेंगदाणे, पोहे. विडी-सिगारेट आणि तंबाखू तर बंदच. पाणी पीत राहा. तोंड उघडत नाही म्हणून पाणी कमी पडलं की अशक्तपणा आणि ताप दोन्ही वाढल्यासारखे वाटतात.

आता जे करायचं नाही ते. हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, तिथे भाजल्यासारखी पांढरी जखम होते. निव्वळ लवंगाचं तेल ओतलं तरी तेच होतं. पिन, टाचणी, सेफ्टीपिन खुपसून पू काढायचा प्रयत्न करू नका. बाहेरून गालाला गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका आणि बाम चोळू नका. सूज आहे तोवर बाहेरून थंड पट्टी चालेल. आणि मित्राच्या राहिलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका. त्यांनी आजार अर्धवट दबतो आणि दंतवैद्याला खरं चित्र दिसत नाही.

दवाखान्यात काय व्हायला हवं

एक नमुना सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण प्रकार नेहमीचाच. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, बावीस वर्षांचा मुलगा, मेसचा डबा खाणारा. बुधवारी डाव्या बाजूला खाली दुखू लागलं, गुरुवारी गिळताना त्रास, शुक्रवारी सकाळी तो माझ्याकडे आला. ताप ९९.२. तोंडात त्याची दोन बोटंही जेमतेम शिरत होती, पट्टीने मोजलं तर २६ मिलिमीटर. डाव्या अक्कलदाढेचे पुढचे दोन उंचवटे दिसत होते, मागचा भाग हिरडीखाली. हिरडीवर वरच्या दाढेचा खोलगट ठसा. जबड्याखाली एक दुखरी गाठ, पण तोंडाचा तळ मऊ, जीभ हलती, आवाज स्वच्छ, लाळ गिळता येत होती. तीन महिन्यांपूर्वी असंच झालं होतं का, विचारलं. म्हणाला, झालं होतं, पूर्वपरीक्षेच्या वेळी, तेव्हा मेडिकलमधून गोळ्या घेतल्या होत्या.

त्या दिवशी तीन कामं केली. पहिलं काम धुण्याचं. बोथट टोकाची, किंचित वळवलेली सुई सिरिंजला लावून हिरडीच्या पदराखाली सलाइन सोडलं. पहिल्या दोन सिरिंजमध्ये पिवळट पाणी, पू आणि भाताचे कण बाहेर आले. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. याने थोडं दुखतं, म्हणून वर बधिरतेची जेल लावली. धुतल्यावर दहा मिनिटांत त्याच्या तोंडून ‘दडपण गेलं’ असे शब्द आले, आणि माझ्या अनुभवात बहुतेकांना असंच वाटतं. दुसरं, वरच्या अक्कलदाढेचे हिरडीवर बसणारे टोकदार उंचवटे थोडे घासून बोथट केले. हे विसरलं तर धुतलेली हिरडी रात्रीच्या जेवणाला पुन्हा चेचली जाते. वरची दाढ उपयोगाचीच नसेल आणि तोंड पुरेसं उघडत असेल तर कधी ती काढूनच टाकणं बरं. तिसरं काम अँटिबायोटिकचा निर्णय.

सूज हिरडीपुरती, ताप नाही आणि तोंड नीट उघडतं, अशा वेळी अँटिबायोटिक लागत नाही. धुणं, गुळण्या आणि वेदनाशामक पुरतं. तोंड आखडलेलं असेल, ताप असेल, गाठी दुखऱ्या असतील किंवा सूज पसरत असेल तेव्हा ते द्यावं लागतं. या मुलाचं तोंड आखडलं होतं आणि गाठही होती, म्हणून मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं. त्या जागचे जंतू बहुतांशी हवा नसताना वाढणारे, म्हणून हे औषध तिथे चालतं. काही रुग्णांत अॅमॉक्सिसिलिन द्यावं लागतं. दोन्ही औषधं चिठ्ठीवरच घ्यायची, आणि मेट्रोनिडॅझोल सुरू असताना व संपल्यावर दोन दिवस दारूचा थेंबही नको, नाहीतर मळमळ, उलटी, धडधड होऊ शकते.

शनिवारी त्याने फोनवर बोटं सांगितली: दोन सहज. सोमवारी पुन्हा धुतलं, तेव्हा ३४ मिलिमीटर. शुक्रवारी तीन बोटं. स्नायूंचा आखडलेपणा दुखण्यापेक्षा उशिरा सुटतो, त्यामुळे ठणका थांबला तरी तोंड आठवडाभर थोडं कमी उघडू शकतं. सूज उतरल्यावर गालाला ऊबदार शेक आणि दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहादा, दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत तोंड उघडायचा व्यायाम पुरेसा होतो. महत्त्वाचं हे की माप दिवसागणिक वाढलं पाहिजे. अठ्ठेचाळीस तासांत वाढलं नाही किंवा कमी झालं, तर औषध चालत नाहीये किंवा आत कुठेतरी पू साचलाय, असं समजून पुन्हा दाखवायला जायचं.

दवाखान्यात गोळ्यांची चिठ्ठी मिळाली पण हिरडी धुतलीच नाही, तर ‘पदराखाली धुवून द्याल का?’ असं स्पष्ट विचारा. विचारण्यात काही गैर नाही. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. केसपेपर काढून ओरल सर्जरी विभागात जायचं. सकाळच्या वेळी पोचलात तर त्याच दिवशी एक्स-रे होऊन जाण्याची शक्यता जास्त.

कधी दवाखाना नको, थेट मोठं रुग्णालय

संसर्ग अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर श्वासनलिकेवर दाब येतो. जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या दोन्ही बाजूंच्या या पसरलेल्या संसर्गाला लुडविग्ज अँजायना म्हणतात. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रिडरिश फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज अँटिबायोटिक आहेत, तरी हा आजार जिवावर बेततो, आणि काही तासांत वाढू शकतो. पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट बघू नका:

- लाळ गिळता येत नाही, तोंडातून गळते
- आवाज जाड, घोगरा झाला किंवा श्वासाला त्रास होतोय, आडवं पडवत नाही
- जिभेखालचा भाग कडक होऊन जीभ वर उचलली गेलीय
- सूज जबड्याची कड ओलांडून गळ्यावर उतरलीय, कातडी ताणलेली, लाल
- एक बोटही तोंडात शिरत नाही, सोबत ताप किंवा थंडी वाजतेय

अशा वेळी जिथे भूल देणारे डॉक्टर आणि आयसीयू आहे अशाच रुग्णालयात जा. १०८ ला फोन करा. रुग्णाला बसवून न्या, झोपवून नको. मधुमेह असेल, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी सुरू असेल तर ही यादी पूर्ण व्हायची वाट न पाहता नुसत्या सुजेलाही दाखवा, कारण अशा शरीरात संसर्ग फार लवकर पसरतो. आणि अलीकडे खोल जखम झाली होती, सूज अजिबात नाही, पण जबडा लाकडासारखा आखडलाय आणि मान-पाठही ताठ होतेय, तर धनुर्वाताचा विचार करून तातडीने रुग्णालय गाठा.

दाढ काढायची की ठेवायची

बरेच रुग्ण पहिल्याच दिवशी म्हणतात, ‘डॉक्टर, काढूनच टाका.’ सूज ऐन भरात असताना खालची अडकलेली अक्कलदाढ सहसा काढत नाहीत. तोंड उघडत नाही, सुजलेल्या जागी बधिरतेचं इंजेक्शन नीट काम करत नाही, आणि हाड कापण्याची वेळ आली तर संसर्ग पसरायची भीती असते. पू साचला असेल तर तो मात्र लगेच मोकळा करावा लागतो. सूज उतरल्यावर, साधारण एक-दोन आठवड्यांनी, निर्णय घ्यायचा.

निर्णयासाठी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे लागतो. त्याला ओपीजी म्हणतात. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: दाढ किती कललीय, पुढच्या दाढेला कीड लागलीय का, आणि मुळं खालच्या जबड्यातल्या नसेच्या किती जवळ आहेत. मुळं नसेवर आलेली दिसली तर त्रिमितीय स्कॅन करून घेतात. नसेचा धोका फारच असेल तर मुळं तशीच ठेवून फक्त डोकं कापून काढण्याचाही एक मार्ग असतो.

काढण्याबद्दल मला इंग्लंडच्या नाइस संस्थेने २००० मध्ये घातलेली रेघ पटते. पहिलाच झटका आणि तो फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरून दाढ काढू नये. दुसऱ्यांदा झालं तर काढणं योग्य. दाढ सरळ असेल, मागे पुरेशी जागा असेल आणि नुसता हिरडीचा पदरच आड येत असेल, तर तो पदर कापता येतो. पण जागा नसताना कापला तर तो पुन्हा वाढतो, म्हणून आधी एक्स-रे पाहिल्याशिवाय हे करून घेऊ नका. ठेवायची ठरली तर पहिले तीन महिने जेवणानंतर गुळणी, मागच्या कोपऱ्यासाठी एकाच झुपक्याचा छोटा ब्रश, आणि दंतवैद्याने एकदा दाखवून दिल्यावर वाकड्या टोकाच्या प्लॅस्टिक सिरिंजने रात्री कोमट पाण्याने ती जागा धुणं. टोकदार सुई घरी कधीच लावायची नाही.

आपल्या या मुलाच्या ओपीजीत दाढ पुढे कललेली होती. तिचं डोकं पुढच्या दाढेच्या मागच्या अंगाला खेटलेलं आणि तिथे किडीची काळी खाच सुरू झालेली. दुसरा झटका आणि पुढची चांगली दाढ धोक्यात, म्हणजे काढायची हे ठरलं. मुळं नसेपासून सुरक्षित अंतरावर होती. मुख्य परीक्षेला बराच अवकाश असलेला आठवडा त्याने निवडला, कारण काढल्यानंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि चार-पाच दिवस अभ्यासात मन लागत नाही.

काढल्यावर पहिले चोवीस तास गुळण्या नाहीत, जोरात थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरायला हवी आणि ती ओढ लागली की निघते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दहा मिनिटं लावायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. टाके विरघळणारे नसतील तर आठवड्याने काढायचे. दुखणं रोज थोडं कमी होत गेलं पाहिजे. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान ते उलट वाढलं, कानापर्यंत कळ गेली आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर गुठळी निघून गेलेली असते. ते लगेच दाखवा. औषध घातलेली पट्टी भरली की बहुधा त्याच दिवशी आराम पडतो. सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर वाटत असेल तर तेही त्याच दिवशी कळवा. बहुतेकांची ती बधिरता काही आठवड्यांत ते महिन्यांत जाते, पण तिची नोंद पहिल्यापासून असली पाहिजे. त्या मुलाला तसं काही झालं नाही. सातव्या दिवशी टाके काढले आणि पुढच्या आठवड्यात त्या पुढच्या दाढेची खाच भरली. अक्कलदाढ बाजूला झाल्यामुळे तिथे आता हत्यार पोचत होतं.